यशाचे निकष मुलांच्या भाषेत: लिहायचे कसे, तासाच्या सुरुवातीला मांडायचे कसे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान मुख्यतः तिसरी ते पाचवीच्या शिक्षकांसाठी आहे. एकच उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवलं आहे: तिसरीची हातच्याची वजाबाकी, आणि तीही मधे शून्य असलेली. ४०३ − १६७ हे गणित फळ्यावर आलं की वर्गात निम्म्या माना खाली जातात, म्हणून तेच घेतलं. भाषेच्या तासासाठी वेगळं उदाहरण पुढे आहे.

यशाचे निकष म्हणजे नेमकं काय? अध्ययन निष्पत्ती तर आधीच आहेत की.

आहेत, पण त्या मुलांसाठी लिहिलेल्या नाहीत. एनसीईआरटीने २०१७ मध्ये प्राथमिक स्तराच्या निष्पत्ती प्रसिद्ध केल्या आणि बालभारतीच्या पुस्तकांत त्या सुरुवातीलाच छापलेल्या दिसतात. तीन अंकी संख्यांच्या बेरीज-वजाबाकीची रोजच्या व्यवहारातली उदाहरणं सोडवता येणं ही तिसरीची एक निष्पत्ती. ती गाठायला कित्येक तास लागतात, आणि ती गाठली की नाही हे शिक्षक ठरवतात.

आजच्या तासाचा उद्देश त्यातला एक तुकडा असतो: मधे शून्य असताना वजाबाकी करायला शिकणं. निकष आणखी खाली उतरतात. आपली वजाबाकी बरोबर वाटेवर आहे की नाही, हे आठ वर्षांच्या मुलाला बाईंना न विचारता वहीत बघून कळावं, यासाठी लिहिलेली तीन-चार वाक्यं म्हणजे यशाचे निकष.

बऱ्याचदा निकषांच्या जागी कामाची सूचना लिहिली जाते. ‘स्वाध्यायातली पाच उदाहरणं सोडवा’ ही सूचना आहे. पाचही सोडवली आणि पाचही चुकली, तरी सूचना पाळली गेलीच. आम्ही बोटाची कसोटी वापरतो. मूल स्वतःच्या वहीतल्या एका जागेवर बोट ठेवून ‘हे बघा, इथे केलंय’ असं म्हणू शकतं का? म्हणता येत असेल तर तो निकष. ‘मला वजाबाकी समजली’ यासाठी वहीत बोट ठेवायला जागाच नाही.

ही कल्पना आली कुठून?

आकारिक मूल्यमापनाच्या कामातून. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम यांनी १९९८ मध्ये वर्गातल्या मूल्यमापनावरच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला आणि त्यानंतर इंग्लंडच्या प्राथमिक शाळांत उद्देश व निकष फळ्यावर लिहिण्याची पद्धत पसरली. तिथे ‘वॉल्ट’ आणि ‘विल्फ’ अशी दोन आद्याक्षरी नावंही रुळली. वॉल्ट म्हणजे आज आपण काय शिकतोय, विल्फ म्हणजे मी काय बघणार आहे. दुसऱ्यातला ‘मी’ शिक्षक आहे, आणि गडबड तिथेच आहे. बाईंना काय हवंय ते ओळखण्याचा तो खेळ होतो. महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, त्यामुळे आकारिक हा शब्द आपल्याला नवा नाही. आपल्याकडे तो नोंदवहीत जास्त राहिला आणि मुलाच्या हातात कमी आला, एवढंच.

निष्पत्तीवरून निकष काढायचे कसे? एक उदाहरण पूर्ण करून दाखवा.

पुस्तक बाजूला ठेवा आणि आदल्या दिवशी ते गणित स्वतः हळूहळू सोडवा. प्रत्येक ठिकाणी हात का थांबला, ते शेजारी लिहा. ४०३ − १६७ मध्ये एककाच्या घरात ३ मधून ७ जात नाहीत. दशकाकडे जावं तर तिथे शून्य. म्हणून आधी एक शतक सुटं करायचं. चार शतकांची तीन राहिली आणि दशकाच्या घरात १० आले. आता त्यातला एक दशक सुटा केला, तर दशकात ९ उरले आणि एककात १३ झाले. १३ मधून ७ गेले, ६. नवातून ६ गेले, ३. तिनातून १ गेला, २. उत्तर २३६.

आता हेच गणित मुलं कशी चुकवतात ते लिहा. ही पायरी गाळू नका, निकष इथूनच निघतात. तीन चुका हमखास दिसतात. पहिली, उत्तर ३६४. या मुलाने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान वजा केला, वर कोण आणि खाली कोण ते पाहिलंच नाही. दुसरी, उत्तर ३३६. याने शतक सुटं केलं, पण ४ खोडून ३ करायचे राहिले. तिसरी, उत्तर २४६. दशकात १० आणले, त्यातला एक एककाला दिला, पण १० चे ९ केले नाहीत.

चूक जिथे होते तिथेच निकष हवा. सगळ्यांना आधीच येतं त्यासाठी निकष लिहू नका. ‘संख्या एकाखाली एक मांडल्या’ हे वर्गाला जमत असेल, तर फळ्यावरची जागा त्याला कशाला? मग निकष असे निघतात:

१. जिथे वरचा अंक लहान आहे, तिथे मी गोल केला.
२. शेजारी शून्य असेल, तर मी आधी शतक सुटं केलं, मग दशक.
३. सुटं केल्यावर मी जुना अंक खोडून नवा अंक वर लिहिला.
४. उत्तरात खालची संख्या मिळवली, तर वरची संख्या परत आली.

पहिल्या निकषात आम्ही आधी ‘वरचा अंक लहान आहे का ते पाहिलं’ असं लिहीत होतो. तो बोटाच्या कसोटीत नापास झाला, कारण पाहिलेलं वहीत दिसत नाही. गोल केला की दिसतं. आपल्या गणितात ३ आणि ० या दोन अंकांवर गोल येतात.

दुसऱ्या निकषाऐवजी ‘शून्यावर ९ लिहिला’ असं लिहिण्याचा मोह होतो. ते लहान आहे, पाठही पटकन होतं, आणि चार दिवसांत नडतं. ४३० − १६७ आलं की मूल एककाच्या शून्यावरही ९ लिहून मोकळं होतं. ९ हा सुटं करण्याचा परिणाम आहे, म्हणून निकषात सुटं करणं यायला हवं.

चौथ्या निकषाचं काम बाकीच्या तिघांपेक्षा वेगळं आहे. ३६४ + १६७ = ५३१, ३३६ + १६७ = ५०३, २४६ + १६७ = ४१३. तिन्ही चुका इथे उघड होतात. उत्तर चुकलं आहे हे चौथा सांगतो, आणि कुठे चुकलं ते शोधायला मूल पहिल्या तिघांकडे परत जातं.

‘मुलांची भाषा’ म्हणजे किती सोपी भाषा?

बोबडी भाषा नव्हे. शतक, दशक, एकक, पूर्णविराम, विशेषण हे शब्द तसेच ठेवा. ते शिकण्याचाच भाग आहेत आणि मुलांना त्यांचा त्रास होत नाही. त्रास होतो तो ‘योग्य’, ‘नीट’, ‘सुवाच्य’, ‘प्रभावी’, ‘अचूक’ या शब्दांचा. ज्याला आधीच येतं त्यालाच त्यांचा अर्थ कळतो. ‘विरामचिन्हांचा योग्य वापर’ या ओळीचं तिसरीतलं मूल काय करणार? त्याऐवजी ‘वाक्य संपलं तिथे मी पूर्णविराम दिला’ असं लिहा. ‘सुवाच्य अक्षर’ याऐवजी ‘दोन शब्दांमध्ये एका बोटाची जागा सोडली’. ‘प्रयोगाचे अचूक निरीक्षण’ याऐवजी ‘पाणी किती चढलं ते पट्टीने मोजून लिहिलं’. प्रत्येक वेळी विशेषण गेलं आणि त्याच्या जागी क्रियापद आलं, हे लक्षात आलं असेल.

वाक्य आठ-दहा शब्दांपलीकडे जाऊ देऊ नका. एका वाक्यात एकच गोष्ट ठेवा. ‘आणि’ आला की थांबा, बहुधा तिथे दोन निकष चिकटलेले असतात. नकारही टाळा. ‘हातचा विसरू नका’ यावरून काय करायचं ते कळत नाही.

मराठीत आणखी एक अडचण आहे, ती इंग्रजी नमुन्यांवरून निकष उचलणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. ‘मी वजाबाकी करू शकतो’ लिहिलं की वर्गातल्या मुली बाहेर राहिल्या. ‘शकतो/शकते’ अशी तिरकी रेघ वाचताना मुलं अडखळतात आणि फळाही सरकारी अर्जासारखा दिसतो. यावर मराठीच्या व्याकरणातच उपाय आहे. सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ घ्या: मी अंक खोडला, मी बेरीज केली, मी शतक सुटं केलं. इथे क्रियापद कर्माप्रमाणे चालतं, त्यामुळे मुलगा आणि मुलगी दोघांचं वाक्य एकच होतं. ‘शिकलो’, ‘विसरलो’, ‘बोललो’ ही क्रियापदं या नियमात बसत नाहीत, तिथे वाक्य फिरवा. ‘मी मोठ्याने बोललो’ याऐवजी ‘माझा आवाज शेवटच्या रांगेत ऐकू आला’. हा निकष म्हणूनही बरा आहे.

भूतकाळाचा आणखी एक फायदा आहे. ‘करीन’ हे वचन झालं, ‘केलं’ तपासता येतं.

‘केलं’ लिहायचं की ‘केले’? पहिली-दुसरीत मुलं पुस्तकातली ‘केले’, ‘लिहिले’ ही रूपं वाचायला शिकत असतात, तिथे तीच ठेवा. तिसरीपासून बोलण्यातलं रूप चालतं. दोन्हींची सरमिसळ मात्र नको.

एका तासाला किती निकष?

तीन किंवा चार. पहिली-दुसरीला दोन. पाचवा सुचला की उद्देश दोन तासांचा आहे का ते तपासा, बहुतेक वेळा असतो.

‘तासाच्या सुरुवातीला’ म्हणजे पहिल्या मिनिटाला का?

नाही, आणि सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. घंटा झाली, बाईंनी चार निकष लिहिले, वर्गाने एका सुरात वाचले, मग पाठ सुरू झाला. मुलांनी अजून गणितच पाहिलेलं नाही, तर ‘शतक सुटं केलं’ हे वाक्य त्यांच्या मनात कशाला चिकटणार? सुरुवातीला याचा अर्थ मुलांनी स्वतःच्या वहीत काम सुरू करण्याआधी.

चाळीस मिनिटांच्या तासात ते साधारण असं बसतं. पहिल्या दोन मिनिटांत उद्देश एका वाक्यात सांगा आणि गणित मांडा: खाऊच्या डब्यात ४०३ रुपये आहेत, १६७ खर्च झाले. मग फळ्यावर दोन सोडवलेली गणितं शेजारी शेजारी लिहा, एकाचं उत्तर २३६ आणि दुसऱ्याचं ३३६. कोणतं बरोबर ते सांगू नका. सुटं केल्याच्या खुणा दोन्हींत ठेवा, पण दुसऱ्यात ४ न खोडलेले असू द्या. जोडीत दोन मिनिटं बोलू द्या: कोणतं पटतं, आणि कशावरून?

कोणीतरी म्हणतं, ‘बाई, त्याने चार तसेच ठेवलेत.’ तुमचा तिसरा निकष आला. तो मुलांच्याच शब्दांत लिहा. ‘खोडून नवा अंक लिहिला’ याऐवजी वर्ग ‘जुन्याला काट मारली’ म्हणत असेल, तर काट मारली असंच लिहा. चारपैकी दोन-तीन निकष असे वर्गातून निघतात. उरलेला तुम्ही प्रश्न विचारून काढा किंवा सरळ सांगा, त्यात काही कमीपणा नाही. आठव्या-दहाव्या मिनिटाला चौघेही फळ्यावर असतात आणि मुलं कामाला लागतात.

विसाव्या मिनिटाच्या आसपास दोन मिनिटं हात थांबवा. एखाद्या मुलाची वही, त्याच्या परवानगीने, सगळ्यांना दाखवून दुसरा निकष कुठे दिसतो ते शोधायला सांगा. शेवटची पाच मिनिटं स्वतःचं काम तपासायला आणि दुरुस्त करायला. ही पाच मिनिटं पाठात खाल्ली गेली, तर निकष लिहिण्यात गेलेला वेळ वाया गेला असं समजा.

मुलांनी निकष वहीत उतरवून घ्यायचे का?

नको. तिसरीचं मूल चार वाक्यं उतरवायला सहज सात-आठ मिनिटं घेतं. हळू लिहिणारी मुलं, म्हणजे ज्यांना निकषांची सगळ्यात जास्त गरज आहे तीच, गणितापर्यंत पोहोचतच नाहीत. समासात फक्त १, २, ३, ४ असे आकडे लिहायला सांगा. पूर्ण वाक्यं फळ्यावर आहेतच.

फळ्यावर कुठे आणि केवढ्या अक्षरात?

जागा रोज एकच ठेवा. फळ्याच्या डाव्या बाजूची पाव भाग पट्टी एका उभ्या रेघेने तोडून घ्या आणि तास संपेपर्यंत ती पुसू नका. गणितं सोडवता सोडवता जागा कमी पडते आणि पहिला हात निकषांवरच फिरतो, म्हणून रेघ.

शेवटची रांग फळ्यापासून सुमारे सहा मीटरवर असेल, तर अक्षराची उंची पाच सेंटिमीटर तरी हवी. देवनागरीत वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असल्यामुळे दोन ओळी जवळ आल्या की त्या एकमेकींत अडकतात. एका ओळीला एकूण नऊ-दहा सेंटिमीटर धरा. पट्टी अरुंद आहे, तेव्हा एका निकषाच्या दोन ओळी होणार हे गृहीत धरूनच वाक्य लहान करा. पांढरा किंवा पिवळा खडू वापरा. लाल खडू महत्त्वाचा वाटतो, पण काळ्या आणि हिरव्या फळ्यावर मागून दिसत नाही. लिहून झालं की शेवटच्या बाकावर जाऊन बसा आणि स्वतः वाचा.

कार्डशीटवर सुंदर अक्षरांत लिहून वर्षभर टांगलेले तक्ते आठवडाभरात भिंतीचा भाग होतात, कुणी वर बघत नाही. पुन्हा पुन्हा लागणारे निकष, उदाहरणार्थ पूर्णविरामाचा, पुठ्ठ्याच्या सुट्या पट्ट्यांवर लिहा आणि सुतळीला कपड्यांच्या चिमट्यांनी लावा. लागेल तेव्हा लावायची, नसेल तेव्हा काढायची. प्रोजेक्टर असलेल्या वर्गात निकष पहिल्या स्लाइडवर असतात आणि दुसरी स्लाइड आली की गायब होतात. तिथेही निकष फळ्यावरच लिहा.

भाषेच्या तासाला निकष दिले की सगळ्यांचं लेखन एकसारखं होतं. काय करायचं?

तक्रार खरी आहे. चौथीला ‘आठवडी बाजार’ या विषयावर लिहायला सांगितलं आणि निकष दिले: दहा ओळी, तीन विशेषणं, एक म्हण. मग प्रत्येक वहीत बाजार ‘मोठा, सुंदर, छान’ होतो आणि भाजीवालीच्या शेजारी कुठूनतरी ‘नाचता येईना अंगण वाकडं’ येऊन बसतं. निकष पूर्ण, लेखन निर्जीव.

वजाबाकीत प्रत्येक पायरी प्रत्येकाला लागते. लेखनात तसं नसतं, म्हणून निकषांचे दोन गट करा. पहिला सगळ्यांसाठी आणि अगदी लहान: वाक्य संपलं तिथे पूर्णविराम दिला, नवीन गोष्ट सुरू झाली तिथे नवी ओळ घेतली. दुसरा निवडीचा: यातल्या निदान दोन गोष्टी माझ्या लेखनात आहेत. बाजारात काय दिसलं, काय ऐकू आलं, कशाचा वास आला, कोण कुणाला काय म्हणालं, भाव किती होता. एक मूल बैलांच्या घुंगरांवर लिहील, दुसरं आजीने मिरचीचा भाव कसा पाडला त्यावर.

एवढं करूनही लेखनाचा कस निकषात पकडता येत नाही. ‘बाजारात खूप भाज्या होत्या’ आणि ‘मेथीच्या जुड्या ओल्या गोणपाटाखाली झाकल्या होत्या’ ही दोन्ही वाक्यं ‘काय दिसलं’ या निकषात बसतात. दुसरं का आवडलं ते यादीतून कळत नाही, दोन्ही शेजारी ठेवून वाचल्यावर कळतं. ऑस्ट्रेलियातले अभ्यासक रॉइस सॅडलर यांनी १९८९ मध्ये हेच मांडलं होतं: चांगलं काम कसं असतं ते शिकणाऱ्याला माहीत हवं, आपलं काम त्याच्याशी ताडून पाहता यायला हवं आणि मधलं अंतर कमी करायला काहीतरी करता यायला हवं. लेखनात पहिली अट नमुने दाखवूनच पुरी होते. दोन वाक्यांचे दोन नमुने पुरतात, मागच्या वर्षीच्या वह्यांतून नावं झाकून घ्या.

प्रत्येक तासाला निकष आधीच उघड करायचे? शोधायचं काही उरतच नाही.

उत्तर उघड होत असेल तर करू नका. पाण्यात काय तरंगतं आणि काय बुडतं हा प्रयोग करायचा असेल आणि फळ्यावर ‘खिळा बुडतो हे मी सांगितलं’ असं लिहिलं, तर बादली भरायचे कष्टच नकोत. अशा तासाला निकष कामाच्या रीतीबद्दल असतात: वस्तू पाण्यात टाकण्याआधी मी अंदाज लिहिला, काय झालं ते लिहिलं, अंदाज चुकला तिथे खूण केली. गणितात नियम शोधायचा असेल तर सुरुवातीला फक्त प्रश्न लिहा, निकष तासाच्या मध्यावर येऊ द्या. कविता ऐकायच्या, आनंद घ्यायच्या तासाला निकष नसले तरी चालतात. नसलेलेच बरे.

वाचता न येणाऱ्या पहिलीच्या मुलांसाठी?

दोन निकष, दोन चित्रं. शब्दांमधल्या जागेसाठी बोटाचं चित्र, पूर्णविरामासाठी उभ्या रेघेशेजारी ठळक टिंब. तोंडाने म्हणा, हातवारे ठरवा आणि तासात दोन-तीन वेळा परत म्हणवून घ्या. मेळघाटात कोरकू किंवा नंदुरबारकडे पावरी बोलणारी मुलं असतील, तर निकष आधी त्यांच्या बोलीत म्हणवून घ्या. तुम्हाला बोली येत नसेल तर वर्गातलं मोठं मूल सांगेल. चित्र मात्र तेच ठेवा, म्हणजे पुढे मराठी वाक्य त्याच्याशेजारी आलं की ओळख पटते.

दोनशिक्षकी शाळेत एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता असतात. तिथे कसं जमायचं?

सगळ्या इयत्तांना एकाच क्षेत्रावर ठेवा आणि जमेल तितके निकष सामाईक घ्या. वजाबाकीच्या दिवशी दुसरीला ५२ − २७, तिसरीला ४०३ − १६७, चौथीला ५००२ − १३४८ असं काम देता येतं. पहिला, तिसरा आणि चौथा निकष तिघींना जसाच्या तसा लागू होतो. दुसरा दुसरीला लागत नाही, आणि चौथीसाठी त्याच्याआधी हजार सुटा करण्याची पायरी येते. म्हणजे फळ्यावर तीन सामाईक ओळी आणि इयत्तेचा आकडा घातलेल्या एक-दोन ओळी. तुम्ही दुसरीजवळ बसलेले असताना चौथीची मुलं याच ओळींवर एकमेकांचं काम बघू शकतात.

मुलं न बघताच चारही ठिकाणी बरोबरची खूण करतात.

करणारच. खूण करणं सोपं आहे आणि खूण केली की बाई खूश होतात हे त्यांना ठाऊक असतं. खुणेऐवजी निकषाचा आकडा कामाच्या जागी लिहायला सांगा: जिथे ४ खोडून ३ केले तिथे ‘३’, पडताळ्याच्या बेरजेशेजारी ‘४’. जागा शोधल्याशिवाय आकडा लिहिता येत नाही. गणिताच्या अंकांत तो मिसळू नये म्हणून आकडा रंगीत पेन्सिलीने आणि गोलात लिहायचा, पहिल्या निकषाचे गोल साध्या पेन्सिलीने. आठवड्यातून दोनदा हे काम शेजाऱ्याकडून करून घ्या. शेजाऱ्याला जागा सापडली नाही तर तो विचारतो, आणि त्या बोलण्यात जास्त शिकणं होतं.

यावर गुण देऊ नका. गुण लागले की मुलं जागा शोधत नाहीत, जागा तयार करतात. उत्तर लिहून झाल्यावर मागाहून गोल काढलेले दिसतील.

हुशार मुलांसाठी वेगळे निकष लिहायचे का?

निकष तेच ठेवा, गणित बदला. ‘सर्वांसाठी, काहींसाठी, थोड्यांसाठी’ अशा तीन पायऱ्यांचे फळे आम्हाला पटत नाहीत. कोण कुठल्या गटात हे मुलांना दोन दिवसांत कळतं आणि मधल्या गटातली मुलं वर बघणं सोडतात. लवकर संपवणाऱ्याला द्या: उत्तर २४६ आलेल्या मुलाने कोणता निकष चुकवला ते शोध आणि त्याला एका वाक्यात सांग.

शाळाभेटीला येणारे साहेब फळ्यावर निकष आहेत का ते बघतात. एवढं पुरेसं आहे?

फळा बघून काही कळत नाही. कोणत्याही दोन मुलांना विचारावं: आज काय शिकतोयस, आणि तुला जमलं हे तुला कसं कळेल? दुसऱ्या प्रश्नाला ‘बाई सांगतील’ असं उत्तर आलं, तर फळ्यावरचे निकष अजून फळ्यावरच आहेत.

चारही निकष पूर्ण, तरी उत्तर चूक. मग निकष चुकले का?

आधी चूक कसली ते बघा. ४०३ − १६७ चं उत्तर २३५ आलं आहे, गोल आहेत, काट मारलेली आहे, ९ आणि १३ जागेवर आहेत. हातच्याचं काम पक्कं आहे, १३ मधून ७ काढताना चूक झाली. पडताळा मांडला असता तर ४०२ आले असते, म्हणजे चौथा निकष खरं तर पूर्ण झालेलाच नाही, मुलाने बेरीज न करताच वरची संख्या लिहून टाकली. हे वारंवार दिसतं, म्हणून पडताळ्याची बेरीज हातच्यांसकट मांडायला लावा. ‘वजाबाकी बरोबर केली’ असा पाचवा निकष जोडू नका. त्या मुलाला २० पर्यंतच्या वजाबाकीचा रोज पाच मिनिटांचा तोंडी सराव हवा.

पाच-सहा मुलांची चूक एकाच प्रकारची असेल आणि चारपैकी एकही निकष ती पकडत नसेल, तर मात्र निकष अपुरा आहे. शाब्दिक उदाहरणांत हे होतं: मुलं ४०३ आणि १६७ ची सुरेख बेरीज करतात, आणि फळ्यावरचे चारही निकष वजाबाकी करायची हे ठरल्यानंतरचे असतात. दुसऱ्या दिवशी पहिला निकष काढून त्या जागी ‘किती उरले की किती झाले, ते मी गणिताशेजारी लिहिलं’ हा लिहा. गोल करण्याची सवय तोपर्यंत लागलेली असते, तो निकष गेला तरी चालतो.